ओढ्यावरचा बंधारा आणि व्हॉट्सॲपवरची हजेरी



भाऊबीजेनंतरच्या रविवारी वस्तीनं मिळून ओढ्यावर पोत्यांचा वनराई बंधारा घातला. फोटो बघून बऱ्याच जणांनी विचारलं, की एवढी माणसं गोळा कशी केली. ग्रुपवर मेसेज टाकला की अंगठे पडतात, ओढ्यावर कुणी येत नाही, ही सगळ्यांचीच तक्रार. आमच्याकडं गेल्या वर्षी श्रमदानाच्या मेसेजला चाळीसच्या वर अंगठे पडले होते आणि प्रत्यक्षात नऊ जण आले. नऊ जणांत बंधारा होत नाही. अर्धा घातलेला बंधारा तर नसल्यासारखाच, पाणी बाजूनं निघून जातं. म्हणून या वेळी माणसं मोजायची रीत जरा नीट बसवली. व्हॉट्सॲपचाच पोल, ब्रॉडकास्ट लिस्ट आणि स्टेटस वापरलं, पण तिघांना तीन वेगळी कामं दिली. कुणाला कुठलं काम जमतं आणि कुठं ते गंडतं, तेवढंच आज लिहितो.

आधी किती हात लागतात ते बघा, कारण पुढचं सगळं त्या आकड्यावर आहे. आमचा ओढा त्या जागी 24 फूट रुंद. उंची 4 फूट, तळाला जाडी 6 फूट आणि माथ्याला 2 फूट धरली, तर सरासरी जाडी 4 फूट. चार गुणिले चार गुणिले चोवीस, म्हणजे 384 घनफूट. सिमेंटचं रिकामं पोतं पाऊण भरून शिवलं की साधारण 1 घनफूट भरतं. म्हणजे पोती झाली 384. एक जण पोतं धरणार, एक फावड्यानं भरणार, एक दाभणानं तोंड शिवणार, एक उचलायला हात देणार, अशी चौघांची टोळी तासाला वीस पोती काढते. पोतं चाळीस-पंचेचाळीस किलोचं होतं, त्यामुळं तीन तासांपेक्षा जास्त हा जोर टिकत नाही. एका टोळीची साठ पोती धरली तर साडेसहा टोळ्या, म्हणजे 26 माणसं. प्रत्यक्ष पोती लावायला आणि फटीत चिखल-गवत ठासायला आणखी 6. एकूण 32. एका दिवसात बत्तीस माणसं उभी राहणार असतील तरच कुदळ मारायची.

वस्तीवर घरं 38. ग्रुपवर नंबर 61. हे दोन आकडे शेजारी लिहिले की पहिली गोष्ट लक्षात येते. ग्रुप म्हणजे वस्ती नव्हे. वहीत एका खाली एक अडतीस घरं लिहिली आणि प्रत्येकापुढं ग्रुपवरचे नंबर मांडले. काही घरांतले तीन-तीन नंबर निघाले. चौदा नंबर पुण्या-मुंबईला राहणाऱ्या पोरांचे. आणि सहा घरं अशी, की ज्यांचा एकही नंबर ग्रुपवर नाही. कुणाकडं बटणाचा फोन, कुणाकडं तोही नाही. हे वहीचं पान नसेल तर पोलचा आकडा कितीही चांगला दिसला तरी त्याचा अर्थ लागत नाही.

आता पोल. ग्रुपमध्ये पिनेच्या खुणेवर, म्हणजे जिथनं फोटो पाठवतो तिथंच, `Poll` आहे. एका पोलला जास्तीत जास्त 12 पर्याय देता येतात. खाली `Allow multiple answers` असं एक बटण असतं. ते चालू ठेवायचं की बंद, हे प्रश्न बघून ठरवायचं. लोक तिकडं बघतच नाहीत, आणि आकडे तिथंच फसतात.

पहिला पोल तारखेचा. तिथं ते बटण चालूच ठेवलं, कारण एखाद्याला दोन्ही रविवार चालत असतील तर ते कळायला पाहिजे. पर्याय तीनच दिले. भाऊबीजेनंतरचा रविवार, त्याच्या पुढचा रविवार, आणि "दोन्ही दिवशी जमत नाही". दिवाळीच्या आधी कुणाला उसंत नसते आणि पुढचा रविवार कार्तिकीच्या तोंडावर, वस्तीवरची दहा-बारा माणसं पंढरपूरला जातात. ओढ्याची धार मात्र रोज बारीक होत चाललेली. बंधारा धार मंदावली की घालायचा, पण आटायच्या आत. म्हणून याहून लांबची तारीख पर्यायातच ठेवली नाही.

तिसरा पर्याय फार कामाचा. "जमत नाही" असं लिहायला जागाच दिली नाही, तर ज्याला जमत नाही तो गप्प बसतो आणि ज्यानं पोल बघितलाच नाही तोही गप्पच असतो. आपल्याला दोघं सारखेच दिसतात. जागा दिली की नकार वेगळा निघतो आणि गप्प कोण ते खरं कळतं.

पोल रात्री आठला टाकला. धारा काढून, जेवणं उरकून माणूस फोन घेऊन बसतो ती वेळ. सकाळी टाकला तर सुप्रभातच्या फुलांखाली दुपारपर्यंत गाडला जातो. शिवाय पोल ग्रुपच्या वर पिन करून ठेवला. पिन 24 तास, 7 दिवस किंवा 30 दिवस ठेवता येते. मी सात दिवसांची ठेवली. आणखी एक, पोल टाकल्यावर त्यातली अक्षरं दुरुस्त होत नाहीत. तारीख-वेळ पाठवायच्या आधी दोनदा वाचायची.

दोन दिवसांत 41 जणांनी मत दिलं. पहिल्या रविवारला 30, दुसऱ्याला 17, "जमत नाही"ला 5. कुणीही म्हणेल तीस माणसं झाली, दोनच कमी. पण `View votes` दाबलं की कुणी काय मत दिलं ती नावं दिसतात. ती वहीत घरांपुढं मांडली, तर तीस मतं निघाली 21 घरांतनं, आणि त्यात पुण्यातली सहा पोरं. ती दिवाळीला येतात आणि भाऊबीज झाली की रात्रीच्या गाडीनं परत जातात. तारखेच्या पोलवर मत देणं म्हणजे "ही तारीख बरी" असं म्हणणं. "मी येतो" असं त्यात कुठंच म्हटलेलं नसतं. तारखेचा पोल तारीख ठरवायलाच वापरायचा, माणसं मोजायला दुसरा.

दुसऱ्या पोलचा प्रश्न असा लिहिला: "रविवार सकाळी 7, ओढ्यावर. तुमच्या घरातून किती माणसं? एका घराचं एकच मत." पर्याय 1, 2, 3, 4 किंवा जास्त, "येणार नाही पण पोती/भाकरी देऊ", आणि "जमणार नाही". इथं ते जास्त उत्तरांचं बटण बंद. ॲपनं 30 मतं दाखवली. पण तीन घरांतनं दोघा-दोघांनी मत दिलेलं, म्हणून खरी घरं 27. एक माणूस म्हणणारी 7, दोन म्हणणारी 8, तीन म्हणणारी 3, चार म्हणणारं 1. सात, सोळा, नऊ आणि चार मिळून 36 माणसं. पोती-भाकरी देणारी 5 घरं आणि "जमणार नाही" म्हणणारी 3. हा हिशोब ॲप करून देत नाही. ते फक्त मतं मोजतं, माणसांचा गुणाकार आपल्याला वहीत करावा लागतो.

अडतीसमधनं सत्तावीस गेली, राहिली अकरा घरं. पाच गप्प आणि सहा ग्रुपवर नसलेली. तिथं सायकल काढायची, दुसरा इलाज नाही. गप्प पाचांपैकी दोन घरांना कुलूप, माणसं ऊसतोडीला गेलेली. दोघांचे नंबरच बदललेले. एकानं बघून सोडून दिलेलं. बिनफोनच्या सहा घरांतनं मात्र पाच माणसं कबूल झाली, आणि त्यातल्या एका काकूंनी ऐकवलंच, "आम्हाला कुणी इचारतच न्हाई, समदं त्या फोनवरच ठरवता."

पण माणसांच्या आकड्याहून मोठी गोष्ट त्या तीन "जमणार नाही" मतांत होती. त्यातलं एक मत तात्यांचं. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला ओढ्याला लागून त्यांचं रान आहे. पाणी अडलं की त्याचा फुगारा त्यांच्याच बांधाकडं जाणार. जागा ठरली तेव्हा भादव्यात त्यांच्याशी बोलणं झालं होतं आणि त्यांनी हो म्हटलं होतं. कृषी सहायकांनी येऊन जागाही बघितली होती, ग्रामपंचायतीला सांगून झालं होतं. मग आता नकार का?

पोलवरची नावं सगळ्यांनाच दिसतात. त्यामुळं माझ्या आधी ग्रुपमधल्या पोरांनी ते मत बघितलं होतं. एकानं लिहिलंसुद्धा, "काही जणांना पाणी नकोय वाटतं", खाली हसणारे चेहरे. त्याला फोन करून ते काढायला लावलं आणि संध्याकाळी तात्यांकडं गेलो.

"तात्या, जमणार नाही असं दिसलं. काय अडचण झाली?"

"माझी कसली अडचण. कांद्याची हाय. तवा रान मोकळं हुतं, आता खालच्या वाफ्यात रोप लावलंय. पाणी तिथवर आलं तर सड लागंल."

"मग सांगायचं ना."

"तिथं? तीस जणांनी हो म्हटल्यावर मी एकट्यानं काय लिवायचं?"

सांगण्यासारखी गोष्ट इथं आहे. तीस विरुद्ध एक हा हिशोब तारखेला चालतो. ज्याच्या रानात पाणी चढणार आहे, त्याच्यापुढं बाकीच्या तिसांना मत नाही. पोल बहुमत दाखवतो, संमती दाखवत नाही. आणि नावं उघडी असल्यामुळं खरी अडचण ज्याची, तोच तिथं तोंड उघडत नाही. म्हणून पोलवरचा नकार वाचायचा तो आकडा म्हणून नाही, कुणाकडं जायचं याची खूण म्हणून.

दुसऱ्या दिवशी गवंड्याची पाण्याची नळी आणली. पारदर्शक नळीत पाणी भरून एक टोक बंधाऱ्याच्या जागी धरायचं, दुसरं पुढं न्यायचं, दोन्हीकडं पाणी एकाच पातळीला थांबतं. नळी लहान, म्हणून टप्प्याटप्प्यानं खुंट्या मारत तात्यांच्या वाफ्यापर्यंत गेलो. ओढ्याच्या तळापासून वाफा निघाला 3 फूट 10 इंच उंच. चार फुटी बंधारा भरला की वाफ्यात पाणी येणार म्हणजे येणार. तात्यांचं बरोबर होतं. तिथंच उंची 3 फुटांवर आणली आणि मधल्या सहा फुटांत एक थर आणखी कमी ठेवायचा ठरवला, म्हणजे जादा पाणी मधनं सांडेल आणि काठ कापणार नाहीत.

त्यानं कामाचा आकडाही बदलला. उंची 3, तळ 5, माथा 2, म्हणजे सरासरी साडेतीन. साडेतीन गुणिले तीन गुणिले चोवीस म्हणजे 252 पोती. टोळ्या चारच्या थोड्या वर, म्हणजे 17-18 माणसं, आणि लावणारे 6. पंचवीस हातांत काम बसतं. फाटकी-तुटकी धरून 280 पोती गोळा करायची. ग्रुपवर एवढंच टाकलं, "उंची 3 फूट ठरली, पोती 280 लागतील." कुणामुळं, ते लिहिलं नाही.

इथनं पुढं काम ब्रॉडकास्ट लिस्टनं केलं. व्हॉट्सॲपच्या मेनूत ब्रॉडकास्टचा पर्याय असतो, त्यात एका लिस्टला 256 पर्यंत नंबर घेता येतात. मेसेज एकदाच लिहायचा, पण तो प्रत्येकाला एकट्याला आल्यासारखा जातो. यादीत आणखी कोण आहे ते त्याला दिसत नाही आणि उत्तर फक्त आपल्यालाच येतं. म्हणजे पोलच्या नेमकं उलट. तिथं सगळं सगळ्यांसमोर, इथं ज्याचं त्याच्यापाशी. मी दोन लिस्ट केल्या. येणाऱ्या 19 घरांतला एकेक नंबर पहिलीत, पोती-भाकरीवाली 5 घरं दुसरीत.

यात एक अट आहे. ज्याच्या फोनमध्ये आपला नंबर सेव्ह आहे त्यालाच ब्रॉडकास्ट पोचतो. ग्रुपमध्ये वर्षानुवर्षं एकत्र असलेल्या माणसानं आपला नंबर सेव्ह केलेला असेलच असं नाही. म्हणून गुरुवारी रात्री एक छोटा मेसेज आधी सोडून बघितला, "रविवारचं नक्की आहे, सविस्तर शनिवारी." सकाळी त्या मेसेजवर बोट दाबून धरून माहिती उघडली. कुणाला पोचला, कुणी वाचला, ती यादी तिथं दिसते. 19 पैकी 16 जणांना पोचला होता, तिघांना नाही. आता फोन बंद आहे की नंबर सेव्ह नाही, हे कसं ओळखायचं? त्या तिघांना एकेक साधा मेसेज पाठवला. एकाला तोही पोचला नाही, म्हणजे फोन बंद. दोघांना साध्या मेसेजवर दोन टिका आल्या. म्हणजे फोन चालू आहे, नंबर सेव्ह नाही. दोघांच्या दारात जाऊन नंबर सेव्ह करून दिला. ही परीक्षा दोन-तीन दिवस आधीच घ्यावी, शनिवारी रात्री कळून उपयोग नाही.

शनिवारी संध्याकाळी पाठवलेला मेसेज असा होता:

"उद्या सकाळी 7 ला ओढ्यावर, खालच्या पुलापाशी. पोलवर तुम्ही दिलेला आकडा धरला आहे. फावडं, घमेलं किंवा दाभण यातलं जे असेल ते आणा. माणसं कमी-जास्त होणार असतील तर आज रात्री 9 पर्यंत मला कळवा."

बघा, सगळ्यांना एकच मजकूर जातो, त्यामुळं "तुमची दोन माणसं" असं प्रत्येकाचं वेगळं त्यात लिहिता येत नाही. म्हणून "तुम्ही दिलेला आकडा". आणि मेसेज एकट्याला आल्यासारखा दिसतो, म्हणून "सर्व ग्रामस्थांना कळविण्यात येते की" असलं काही घालायचं नाही. ते वाचलं की माणूस उत्तर देत नाही.

उत्तरं आली ती ग्रुपवर कधीच आली नसती. आण्णांनी व्हॉइस पाठवला, "गुडघ्यानं वड्यात उतराय येत न्हाई, पर बसल्या जागी दाभण चालवतो, चालंल का?" चालेल काय, पळेल. भरणारे भराभर भरतात, शिवणारा मागं राहतो, टोळी तिथंच अडते. त्यांना शिवणाऱ्यांचा मुकादम केलं. एका वहिनींनी लिहिलं, "ह्यांनी पोलवर 2 टाकलंय, पण हे कांदा घेऊन मार्केटला चाललेत. मी आणि सासूबाई येतो." आकडा तोच राहिला, पण हात बदलले. दोघींना भरणाऱ्या टोळीत न घालता फटी ठासायला घेतलं. आणि चौघांनी सरळ कळवलं की जमणार नाही. एकाची म्हैस व्यायला झालेली, एकाकडं पाहुणे, दोघांनी कारण दिलं नाही. ग्रुपवर त्यांचे आकडे तसेच दिसत राहिले, वहीत मात्र सात माणसं कमी झाली.

पोत्यांचंही तसंच. "पोती देऊ" म्हणणाऱ्यांकडनं आकडा मागवला, कुणी 40, कुणी 25. एकाचं घराचं बांधकाम चालू होतं, त्यानं सिमेंटची 120 दिली. उन्हात पडलेलं पोतं वरनं चांगलं दिसतं, पण अंगठा दाबून ओढलं की टराटरा फाटतं. असली 30 बाजूला काढली आणि 285 चांगली उरली. भाकरीचं काम दहा घरांनी दहा-दहा भाकरी अशी वाटणी करून उरकलं. आमटी एकाच जागी.

राहिलं स्टेटस. स्टेटस 24 तासांनी जातं, आणि साधारणपणे ज्याचा नंबर आपल्याकडं आणि आपला त्याच्याकडं सेव्ह आहे त्यालाच दिसतं. तिथं कुणाला उत्तर द्यायचं बंधन वाटत नाही. म्हणून स्टेटसवर "कोण कोण येणार?" असं विचारण्यात अर्थ नाही. त्याचा उपयोग दुसरा. काम खरंच चालू आहे हे दाखवायला त्याच्यासारखं काही नाही.

आठ दिवस आधी ओढ्यात एक काठी रोवली आणि तिच्यावर पाण्याची खूण केली. तिसऱ्या दिवशी पाणी खुणेच्या चार बोटं खाली गेलेलं. तो फोटो टाकला, खाली फक्त तारीख. धार किती लवकर बारीक होतेय हे लोकांना सांगावं लागलं नाही. शनिवारी सात वाजता रचलेल्या पोत्यांचा फोटो टाकला, म्हणजे तो रविवारी संध्याकाळपर्यंत राहणार. आदल्या दिवशीच्या सूचनेची वेळ चोवीस तासांचा हिशोब करूनच निवडायची. सकाळी टाकलं असतं तर ऐन कामाच्या वेळी ते गेलेलं असतं.

शनिवारचं स्टेटस 74 जणांनी बघितलं. या चौऱ्याहत्तरावर एक भाकरीसुद्धा जादा थापायची नाही. त्यात सोयरे आहेत, दुकानदार आहेत, जुने वर्गमित्र आहेत. आणि ज्यांनी निळ्या टिका बंद ठेवल्यात ते बघूनही यादीत दिसत नाहीत, म्हणजे आकडा त्या अंगानंही कच्चा. पावसाचं वातावरण झालं आणि दिवस बदलला तर जुनं स्टेटस आधी काढून टाकायचं, नाहीतर कुणीतरी तेविसाव्या तासाला ते बघतो आणि घमेलं घेऊन एकटाच ओढ्यावर उभा राहतो.

रविवारी सव्वासातला पहिल्या थराचा फोटो टाकला. त्यात पोती आणि हात दिसत होते, तोंडं घेतली नव्हती. बायका कामावर आहेत, त्यांचे फोटो विचारल्याशिवाय टाकायचे नाहीत हे आधीच ठरलं होतं. तो फोटो बघून पलीकडच्या वस्तीवरचे तिघं साडेआठला फावडी घेऊन आले. त्यांची विहीर ओढ्याच्या खालच्या अंगाला आहे. ते ना आमच्या ग्रुपमध्ये, ना लिस्टमध्ये.

आता शेवटची हजेरी. पोलवर कबूल केलेल्या 36 पैकी 22 आले. सात जणांचं आदल्या रात्री कळलं होतं, उरलेले सात न सांगता राहिले. बिनफोनच्या घरांतनं कबूल झालेले 5 पैकी पाचही आले. स्टेटस बघून 3. एकूण 30 माणसं. चार फुटी बंधाऱ्याला बत्तीस लागत होती, म्हणजे तो त्या दिवशी पुरा झाला नसता. तीन फुटीला पंचवीस पुरत होती. साडेअकराला शेवटचा थर बसला, सांधे मोडत, वीट रचतात तशी पोती लावून. पाण्याच्या अंगाला प्लॅस्टिकचा कागद अंथरला, फटीत चिखल-गवत ठासलं, आणि बाराला पंगत बसली. तात्या पोती लावणाऱ्यांत होते. मधला सांडवा किती खाली ठेवायचा, ते त्यांनीच उभं राहून बघून घेतलं.

पाचव्या दिवशी सांडव्यावरनं पाणी पडायला लागलं. तात्यांच्या वाफ्याखाली मारलेल्या खुंटीपासून पाणी नऊ इंच खाली आहे. मी रोज सकाळी जाऊन बघतो आणि शनिवारी तेवढा आकडा त्यांना एकट्याला पाठवतो.

दोन्ही ब्रॉडकास्ट लिस्ट पुसलेल्या नाहीत. बंधारा हा हंगामापुरता असतो, पहिल्या मोठ्या पुरात ही पोती फुटून वाहणार आणि प्लॅस्टिकचा कागद खालच्यांच्या रानात जाणार. ओढा कोरडा पडला की मे महिन्यात ती काढायची आहेत. त्या दिवसाला वीसच माणसं लागतील. बिनफोनच्या सहा घरांकडं या वेळी सुरुवातीलाच जाणार आहे, पोल त्यांच्यानंतर.